दुधाची सायकल आणि पाच सूर

लघुपट सतरा मिनिटांचा. गोष्ट एवढीच, की वाडीतला एक माणूस रोज पहाटे सायकलला दुधाचे कॅन अडकवून खिंड चढतो आणि पलीकडच्या डेअरीत दूध घालतो. तेरा वर्षांचा मुलगा त्याची सायकल दांडीखालून पाय घालून हाफ पायडल चालवायला शिकतोय. बाप अचानक जातो आणि मुलगा कॅन घेऊन निघतो. दोनदा अर्ध्या चढावर उतरतो. तिसऱ्या वेळी सीटवर बसून, एकदाही पाय खाली न टेकता खिंडीच्या माथ्यावर पोचतो. संवाद मोजके आहेत आणि मुलगा तर जवळजवळ बोलतच नाही.

दिग्दर्शकाने फोनवर सांगितलं, "या पोराला एक धून दे. दुःखात तीच, जिंकल्यावर तीच." लाइटमोटिफ हा शब्द त्याने वापरला नाही, पण मागणी तीच होती. व्यक्तीला, वस्तूला किंवा भावनेला एक छोटी सुरावट चिकटवायची आणि गोष्ट पुढे जाईल तसतसं तिचं रूप बदलायचं. हा शब्द रूढ झाला जर्मन संगीतकार वाग्नरच्या संगीतनाट्यांमुळे, १८७६ च्या सुमाराला. आपल्याकडे सगळ्यांना पटकन आठवेल असं उदाहरण म्हणजे 'शोले'मधला जयचा माउथ ऑर्गन.

धून सापडायला मला आठवडा लागला. पहिले सहा दिवस वाया गेले, कारण मी 'धून' बांधत होतो. सोळा मात्रांची, सुरेख वळणांची, गुणगुणता येईल अशी. चित्रावर ठेवली की ती स्वतःकडेच लक्ष वेधून घ्यायची. शिवाय तिचे तुकडे करता येत नव्हते, चार सूर काढून घेतले तर उरलेलं काहीही वाटायचं. ज्याला पुढे मोडायचं आहे, वाकवायचं आहे ते लहान हवं आणि त्याला एक ठळक खूण हवी. शेवटी जे उरलं ते पाच सुरांचं:

सा रे प – ग रे

सा आणि रे अर्ध्या अर्ध्या मात्रेचे. मग प वर उडी आणि तिथे दोन मात्रा मुक्काम. ग एक मात्रा आणि परत रे, दोन मात्रा. एकूण सहा मात्रा. लय ७२ धरली, म्हणजे मिनिटाला ७२ मात्रा, तर बरोबर पाच सेकंद.

यातली खूण म्हणजे रे पासून प वरची उडी. दोन छोटी पावलं टाकून तिसऱ्याला झेप घ्यायची, सायकलवर टांग टाकताना पोरं करतात तसं. दुसरी गोष्ट शेवटाची. सुरावट सा वर येऊन थांबत नाही, रे वर लोंबकळत राहते. हे मुद्दाम ठेवलं. पोराचं काम अजून व्हायचं आहे, तर धूनही पुरी होऊ नये. घरी परत न येणारी सुरावट ऐकणाऱ्याच्या मनात एक छोटं येणं बाकी ठेवते, आणि ते येणं मला तेराव्या मिनिटाला फेडायचं होतं.

७२ हा आकडा कुठून आला ते सांगतो. बापाच्या चढाच्या शॉटमध्ये मी पायडलवरचे पाय मोजले. डावा, उजवा, डावा असे मिनिटाला साधारण सत्तर-पंचाहत्तर दाब पडत होते. फिल्म सेकंदाला २४ फ्रेमची आहे, म्हणजे मिनिटात १४४० फ्रेम. ७२ लयीत एक मात्रा बरोबर २० फ्रेमची होते, अपूर्णांक उरत नाही. ६० ला २४, ९६ ला १५. अशा लयी निवडल्या की एडिटरने दृश्य चार फ्रेमने हलवलं तरी हिशोब कागदावर करता येतो.

वाद्य क्लॅरिनेट. बासरी आधी मनात आली होती, पण डोंगर दिसला की बासरी हे इतकं झालंय की ऐकणारा ऐकणं बंद करतो. क्लॅरिनेटला गावाकडचा लग्नाच्या बँडचा वास आहे, आणि खालच्या सप्तकात तोच आवाज लाकडासारखा, थोडा घोगरा होतो. वाजवायला एका बँडमधले काका मिळाले. ते नोटेशन वाचत नाहीत, पण एकदा ऐकलेलं विसरत नाहीत. मी सा पांढरी दोन धरला म्हटल्यावर काकांनी वाद्य तोंडाला लावलं, सगळ्यात खालचा सूर काढला आणि म्हणाले, "हा बघा तुमचा सा. याच्याखाली वाद्य संपलं." बी फ्लॅट क्लॅरिनेटचा सगळ्यात खालचा सूर खरंच पांढरी दोन येतो. मी ते योजलं नव्हतं. पण मग ठरवलं, की दुःखाच्या प्रसंगात सुरावट याच तळाच्या सा वरून उठेल, खाली जायला जागाच नसलेल्या सुरावरून.

आता दुःखाचा प्रसंग. सगळ्यात जास्त चुका इथे झाल्या.

प्रसंग असा आहे. बाप गेल्यानंतरचा तिसरा-चौथा दिवस. सायकल पडवीत भिंतीला टेकलेली. आई कॅरिअरचे रिकामे कॅन सोडवून धुवायला नेते. मुलगा सायकलपाशी बसून हाताने पायडल उलटं फिरवत राहतो. एक मिनिट चाळीस सेकंद, एकच वाक्य, तेही आईचं: "उद्या डेअरीत सांगून ये, दूध येणार न्हाई."

माझी पहिली आवृत्ती कुणीही करेल तीच होती. ग कोमल केला, लय निम्मी करून ३६ वर आणली आणि सारंगीच्या सॅम्पलवर वाजवली. मूळ सुरावट भूपाच्या घरातली, त्यात ग कोमल केला की शिवरंजनीचा रंग चढतो. आणि शिवरंजनी म्हटलं की आपल्या कानांना हिंदी सिनेमातली शेकडो रडणी एकदम आठवतात. दिग्दर्शकाने ऐकलं आणि म्हणाला, "पोरगा रडत नाहीये रे. तू का रडतोयस?"

ते मला कळलं. न कळलेली चूक दुसरीच होती. मी तो कट माझ्या दोन मित्रांना दाखवला, ज्यांना गोष्ट माहीत नव्हती. नंतर चित्र बंद करून फक्त सुरुवातीची धून ऐकवली आणि विचारलं, ही अजून कुठे होती? दोघांनीही चढाचा प्रसंग सांगितला. पडवीचा एकानेही नाही. म्हणजे ज्या प्रसंगासाठी एवढा खटाटोप केला तिथे धून ओळखूच आली नव्हती.

कारण लय होती. ३६ वर तीच सहा मात्रांची सुरावट दहा सेकंदांची होते. एकटा प सव्वातीन सेकंद लांबतो. इतक्या अंतरावर कान सूर एकमेकांशी जोडत नाही. प्रत्येक सूर सुटा ऐकू येतो, सुरावट म्हणून येत नाही. त्यात ग बदललेला, वाद्य बदललेलं. मी एकाच वेळी तिन्ही ओळखी पुसल्या होत्या. एखाद्याला दाढी लावून, आवाज बदलून, दुसऱ्या गावात नेऊन उभं करायचं आणि मग म्हणायचं, हा आपलाच माणूस.

मग उलट्या बाजूने विचार केला. काय ठेवायचं ते आधी ठरवलं: वाद्य तेच, मात्रांचं प्रमाण तेच, सूर तेच शुद्ध. लय फक्त ६० पर्यंत खाली. पाच सेकंदांचे सहा झाले, एवढंच. संथपणा सुरांच्या आत न घालता सुरावटींच्या मधे घातला. एकदा वाजवायचं, मग बारा-पंधरा सेकंद काहीच नाही.

दुःख आणायला बदलला तो फक्त खालचा आधार. एरवी धूनखाली सा-प चा सूर धरलेला असतो. इथे हार्मोनियमवर, अगदी हळू, मंद्र ध धरला. वरचे सूर तेच राहतात, पण खाली ध आला की कान त्यालाच घर मानायला लागतो, आणि मग सा हा त्याचा कोमल ग होतो, प हा त्याचा कोमल नी. शास्त्रीय गाणाऱ्यांना हे मूर्च्छना म्हणून माहीत आहे. भूपाचे सूर ध ला सा मानून गायले की धानीचे सूर हाती येतात. पाश्चात्य पद्धतीने बोलायचं तर मेजर धूनखाली तिचाच रिलेटिव्ह मायनर सरकवला. कुठल्याही पद्धतीने सांगा, घडतं ते असं की पोरगा तोच आहे, त्याच्या पायाखालची जमीन बदलली आहे. मला नेमकं तेच हवं होतं.

आणि एक गोष्ट काढून घेतली: उडी. पडवीच्या प्रसंगात क्लॅरिनेट दोनदाच वाजतं आणि दोन्ही वेळा फक्त 'सा रे'. प येत नाही. जिथे प यायला हवा तिथे शांतता आहे आणि त्या शांततेत हाताने उलट्या फिरवलेल्या पायडलची टिकटिक, फ्रीव्हीलची. साउंडवाल्याने ती टिकटिक जवळून वेगळी रेकॉर्ड केली होती. मी त्याला एवढंच सांगितलं, की दुसऱ्या 'रे' नंतर ती किंचित वर आण. ऐकणाऱ्याचं मन प स्वतः भरायला जातं आणि तिथे त्याला लोखंडाचा आवाज मिळतो.

हे चालण्यासाठी एक अट आहे आणि ती पाळायला मला एडिटच्या टेबलावर भांडावं लागलं. तुकडा तुटलेला वाटायला आधी अख्खी वस्तू ओळखीची असावी लागते. पहिल्या कटमध्ये बाप जाण्याआधी धून एकदाच होती, तीही बापाच्या बोलण्याखाली दबलेली. तेवढ्यावर पुढे 'सा रे' ऐकून कुणाला काय कळणार? मी एडिटरकडे पहिल्या चार मिनिटांत बिनसंवादाची दोन जागा मागितल्या. एक मिळाली, हाफ पायडलच्या शिकवणीत, बावीस सेकंदांची. दुसऱ्या जागेसाठी बापाचं एक वाक्य पुढे ढकललं. आता धून शीर्षकाखाली नुसत्या ठेक्याने येते, कॅनच्या कडीवर वाजवलेल्या. मग दोनदा संपूर्ण, आणि त्यानंतरच मोडते. मित्रांची तीच परीक्षा नव्या कटवर घेतली, माणसं दुसरी घेऊन. तिघांपैकी दोघांनी पडवी सांगितली. तिसरी म्हणाली, "ती तिथे संपली नाही ना?" यापेक्षा बरं उत्तर मला अपेक्षितही नव्हतं.

रेकॉर्डिंगला एक अडचण आली ती नोंदवून ठेवतो, कारण ती चित्र बघताना कळत नाही. क्लॅरिनेट हळू फुंकलं की सूर किंचित चढतो, जोरात फुंकलं की उतरतो. काकांनी सकाळी मोठ्या आवाजातले तुकडे वाजवले तेव्हा सगळं हार्मोनियमशी जुळलेलं. दुपारी पडवीचे दोन 'सा रे' अगदी दबक्या आवाजात घेतले आणि ते अस्वस्थ वाटत राहिले. मला वाटलं भाव कमी पडतोय, म्हणून पुन्हा पुन्हा वाजवायला लावलं. काकाच म्हणाले, "भाव सोडा साहेब, सूर वर लागतोय. पेटीसंगं हलतोय बघा." हार्मोनियमचा धरलेला सूर आणि क्लॅरिनेट यांच्यात ती बारीक थरथर ऐकू येत होती. त्यांनी मुखाजवळचा बॅरल जरासा बाहेर ओढला आणि पुढच्याच टेकला झालं. क्लिक ट्रॅकही काढून टाकला. काका आयुष्यभर ढोलाच्या अंदाजाने वाजवत आलेत, कानात टिकटिक असली की घाबरट वाजवतात. पडदा समोर लावला आणि आईचा हात कॅनला लागला की सुरू करा, एवढंच सांगितलं.

विजयाचा प्रसंग सोपा जाईल असं वाटलं होतं.

चढ सुमारे पन्नास सेकंदांचा. मी पहिल्याच सेकंदापासून सगळं ओतलं: व्हायोलिनचा ताफा, ट्रम्पेट, ढोल-ताशाची लायब्ररी. शिवाय पायडलचा प्रत्येक दाब ढोलाच्या ठोक्यावर बसवला. मोठ्या कष्टाने बसवला, फ्रेम मोजून. बघितल्यावर पोरगं कार्टूनमधल्या उंदरासारखं दिसत होतं. हालचाल आणि ठोका सतत जुळला की माणसाचे कष्ट दिसेनासे होतात, खेळणं दिसतं. दिग्दर्शकाने दुसरंच सांगितलं आणि ते जास्त लागलं: "तो अजून पोचला नाही, तू आधीच पोचलास."

खरंच होतं. पाचव्या सेकंदाला तार सप्तकातला सा देऊन टाकल्यावर माथ्यावर द्यायला माझ्याकडे काय उरलं? आवाज आणखी मोठा, बस्स.

दुसऱ्या आवृत्तीत चढाची पहिली दहा-बारा सेकंदं संगीतच नाही. श्वास, चेन, कॅनची खडखड. मग खर्जात एकच सूर येतो, मंद्र प, चेलोवर. तो माथ्यापर्यंत सुटत नाही. तानपुऱ्यात सा छेडायचाच नाही आणि नुसता प वाजवत ठेवायचा, तसं. प वर उभं राहिलेलं संगीत कुठेतरी जायला निघालेलं वाटतं आणि जात नाही. त्यावर क्लॅरिनेट ९६ लयीत धूनचे तुकडे घेतं. आधी 'सा रे'. मग 'सा रे प' आणि थांबतं. पुन्हा 'सा रे प', मग जुनाच 'ग रे' घेऊन खाली येतं, कारण त्या क्षणी पोराचं पुढचं चाक डगमगतं. पायडल आणि मात्रा कधी जुळतात, कधी नाही. मी हात लावला नाही.

शेवटी एकदाच, पूर्ण फिल्ममध्ये एकदाच, शेवट बदलतो:

सा रे प – ध सां

प नंतर खाली ग रे ला उतरायच्या जागी वर ध आणि तिथून तार सा. त्याच क्षणी खर्जातला प सुटतो आणि खाली सा येतो, चढाच्या सुरुवातीपासून पहिल्यांदा. राहिलेलं येणं फिटलं ते इथे.

तार सा कुठल्या फ्रेमवर पडावा यावर दोन दिवस गेले. आधी पुढचं चाक माथा ओलांडतं तिथे ठेवला. बरोबर होता आणि निर्जीव होता. ट्रेलरसारखा. मग लक्षात आलं की चाक ओलांडल्यावरही पोरगा पायडल मारतोच आहे, त्याला अजून कळलेलं नाही. दीडेक सेकंदाने उतार लागतो, तो पाय थांबवतो आणि फ्रीव्हील टिकटिकायला लागतं. पडवीतली तीच टिकटिक. ती जागा १३ मिनिटं ४२ सेकंद १० फ्रेम होती. सां च्या आधी चार मात्रा आहेत, ९६ ला त्या साठ फ्रेम, म्हणजे अडीच सेकंद. सुरावट १३:३९:२२ ला सुरू केली की तार सा पाय थांबण्यावर येतो. व्हायोलिन, ट्रम्पेट, ढोल सगळं काढून टाकलं. क्लॅरिनेट, त्याच्या सप्तकभर खाली काकांनीच वाजवलेलं दुसरं क्लॅरिनेट, आणि चेलो. सां चार मात्रा धरला आहे आणि त्यातल्या दुसऱ्या मात्रेपासून संगीत उतरत जाऊन टिकटिक वर येते.

एक गोष्ट मिक्सिंगच्या वेळी ध्यानात आली, आधी कळली असती तर मी तिचं श्रेय घेतलं असतं. माथ्यावर पोचवणारा तो ध संपूर्ण फिल्ममध्ये धूनमध्ये कुठेच नाही. पण पडवीच्या प्रसंगात खाली धरलेला सूर ध च होता. कुणा प्रेक्षकाला ते कळेल असं मला वाटत नाही. मला मात्र तो ध दोन डेसिबल वर घ्यावासा वाटला आणि मी घेतला.

हे सगळं सतरा मिनिटांत मावलं, कारण धून एकच होती आणि पात्रही जवळजवळ एकच. आईलाही एक सुरावट द्यायचा माझा विचार होता. दोन दिवस काम केलं आणि सोडून दिलं, दुसरी ओळख रुजवायला फिल्ममध्ये जागाच नव्हती. पाच-सहा मिनिटांच्या फिल्मला तर हा प्रकार मी सुचवणारच नाही. दोनदा अख्खी ऐकवून तिसऱ्यांदा मोडेपर्यंत फिल्म संपलेली असते.

श्रेयनामावलीवरून शेवटचा वाद झाला. दिग्दर्शकाला तिथे 'ध सां' वाली विजयी धून हवी होती, मोठी करून, लोक टाळ्या वाजवतील म्हणून. मी म्हटलं, दूध रोज घालायचं असतं. उद्या पहाटे पुन्हा तोच चढ आहे. काकांना बोलावून मूळची धून ७२ लयीत, साध्या सा-प वर, तीनदा वाजवून घेतली. ती रे वर येऊन थांबते आणि नावं वर सरकत राहतात. दिग्दर्शक अजून म्हणतो की टाळ्या कमी पडल्या.